उलटी फिरवलेली फीत

मंडळी, इथे बसलेल्या बहुतेकांना मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटचा प्रयोग ऐकून माहीत असणार, म्हणून तो भराभर सांगतो. 1983 सालचा शोधनिबंध. माणूस खुर्चीत बसलाय, डोक्यावर ईईजीचे, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपणारे इलेक्ट्रोड आहेत, समोर घड्याळासारखी तबकडी आहे आणि तिच्यावर प्रकाशाचा एक ठिपका 2.56 सेकंदांत एक फेरी मारतोय. सूचना अशी की मनात येईल तेव्हा हात हलवा, पण आधीपासून बेत करू नका. हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता, तेवढं नंतर सांगा. उत्तरं आली ती अशी: हलवावंसं वाटणं हालचालीच्या सुमारे 200 मिलिसेकंद आधी, आणि मेंदूतलं सज्जता-विभव, म्हणजे हालचालीआधी हळूहळू वाढत जाणारा विद्युत संकेत, सुमारे 550 मिलिसेकंद आधी सुरू. मधल्या साडेतीनशे मिलिसेकंदांवर गेली चाळीस वर्षं एक वाक्य उभं आहे: मेंदूनं आधीच ठरवलं होतं, तुम्हाला फक्त उशिरा कळलं.

या वाक्याचा मला मनापासून राग आहे. लोकांना इच्छास्वातंत्र्य नाही असं वाटत असेल तर वाटू दे, त्यासाठी जुने आणि भक्कम युक्तिवाद आहेत. पण हा पुरावा पुढे करताना सज्जता-विभवाचा तो आलेख मुळात काढला कसा, हे कुणी विचारत नाही. ती गोष्ट आज सांगायचीच आहे, वेळ गेला तरी चालेल.

1964 साल, जर्मनीतलं फ्रायबुर्ग. हान्स कोर्नहुबर आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी ल्यूडर डेके. तोवर मेंदूचे प्रयोग एकाच दिशेनं होत: आवाज करा, प्रकाश टाका आणि मेंदू काय प्रतिसाद देतो ते पाहा. या दोघांना उलटं हवं होतं. माणूस आपण होऊन बोट हलवतो, त्याच्या आधी मेंदूत काय घडतं? अडचण दुहेरी होती. आपल्याला हवी ती लहर काही मायक्रोव्होल्टची, आणि ईईजीचा नेहमीचा गोंधळ तिच्या कितीतरी पट मोठा. एका नोंदीत ती दिसणं अवघड, शेकडो नोंदींची सरासरी काढायला हवी. पण सरासरी काढणारं त्या काळचं यंत्र इशारा मिळाल्यानंतरचं तेवढं मोजायचं, आधीचं नाही. इथे इशारा म्हणजे स्नायूची हालचाल, आणि हवं होतं ते सगळं तिच्या आधीचं.

त्यांनी काय केलं? सगळं चुंबकीय फितीवर नोंदवलं आणि फीत उलटी फिरवली! यंत्राला वाटलं, हालचाल आधी आणि बाकीचं नंतर. सरासरी निघाली, आणि हालचालीच्या सेकंदभर आधीपासून हळूहळू वाढत जाणारं ऋण विभव दिसलं, तेच हे सज्जता-विभव. (ईईजीवाले ऋण बाजू वर काढतात, म्हणून आलेखात तो चढ दिसतो.) मला ही युक्ती विलक्षण आवडते. इतक्या साध्या साधनांनी इतका नाजूक संकेत पकडायचा, याला धाडस लागतं.

पण फीत उलटी फिरवताना काय निवडलं गेलं, ते बघा. फक्त ते क्षण, ज्यांच्या शेवटी हालचाल झाली. मेंदूत तसाच थोडा चढ झाला आणि हात हललाच नाही, असे सगळे प्रसंग सरासरीतून आपोआप गळाले. समुद्रावर एक पायरी आहे, तिच्यापर्यंत क्वचितच पाणी पोचतं असं समजा. पायरी भिजली त्या प्रत्येक क्षणापासून मागे जात पाण्याच्या पातळीची सरासरी काढली, तर दर वेळी पाणी आधीपासून चढत आलं असंच दिसेल. मग पायरी भिजवायचं समुद्रानं तेव्हापासून ठरवलं होतं, असं म्हणाल का?

2012 मध्ये मेंदूसंशोधक ॲरन शर्गर, जाकोबो सिट आणि स्टानिस्लास डेहाएन यांनी हेच गणितात मांडलं. मेंदूतली पार्श्वभूमीची क्रिया सतत वरखाली होत असते, आणि तिचे हेलकावे सावकाश असतात, म्हणजे वर गेलेली पातळी थोडा वेळ वरच राहते. 'केव्हाही हलवा' या सूचनेमुळे माणूस उंबरठ्याच्या थोडा खाली येऊन थांबतो. घाई नाही, कारण नाही. मग एखादा हेलकावा उंबरठा ओलांडतो आणि हात हलतो. संगणकावर असे असंख्य हेलकावे तयार करा, उंबरठा ओलांडल्याच्या क्षणांवर त्यांना एकावर एक ठेवा, मागे जात सरासरी काढा. सज्जता-विभवासारखाच संथ चढ निघतो, आणि त्यात 550 मिलिसेकंद आधी घेतलेला निर्णय कुठेच नाही. या वाचनात निर्णयाची जागा उंबरठा ओलांडण्याची, म्हणजे हालचालीच्या जेमतेम 150 मिलिसेकंद आधीची. लिबेटच्या लोकांनी सांगितलेल्या वेळेच्या अगदी जवळ!

हे नुसतं गणित नाही, त्यांनी एक पडताळाही केला. तोच प्रयोग, पण मध्येच कधीतरी 'टिक' असा आवाज येई, आणि तो आला की ताबडतोब बटण दाबायचं. टिक केव्हा येणार हे मेंदूला कळणं शक्य नव्हतं. तरीही ज्या वेळी प्रतिसाद सर्वांत जलद आला, त्या वेळी आवाजाच्या आधीपासूनच तसा ऋण चढ होता. ज्याचा अंदाजच नाही, त्याची तयारी कशी असेल? पातळी योगायोगानं वर होती, म्हणून हात लवकर हलला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा राहिलाच आहे, भराभर सांगतो.

हेलकाव्यांच्या या गणिती प्रतिमानानं इच्छास्वातंत्र्य सिद्ध झालं, असं मी म्हणत नाही. योगायोगाचा हेलकावा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. प्रतिमान उद्या मागे पडेल, कदाचित त्या चढात काही खरी तयारीही मिसळलेली असेल. माझं म्हणणं त्याच्या आधीचं आहे. लिबेटच्या खोलीतला खरा निर्णय, म्हणजे प्रयोगात भाग घ्यायचा आणि सांगितल्याप्रमाणे हात हलवायचा, खुर्चीत बसण्याआधीच झाला होता. उरलं होतं ते 'केव्हा', आणि या क्षणी की पुढच्या, याला त्या माणसाकडे कारणच नव्हतं. कारण काढून घेतल्यावर जे उरतं ते मोजून, कारणं तोलून केलेल्या निवडीबद्दल निकाल कसा देणार?

उरी माओझ आणि सहकाऱ्यांचा 2019 चा प्रयोग इथेच बोट ठेवतो. लोकांना दोन सेवाभावी संस्थांतून एक निवडायची होती. काही वेळा निवडलेल्या संस्थेला खरंच 1000 डॉलर मिळण्याची शक्यता होती, काही वेळा काहीही निवडलं तरी दोघींना सारखेच मिळणार होते. बिनमहत्त्वाच्या निवडीआधी सज्जता-विभव नेहमीसारखं दिसलं. महत्त्वाच्या निवडीआधी ते जवळजवळ नव्हतंच.

आणि समजा, उद्या प्रत्येक गंभीर निर्णयाआधीही मेंदूत काहीतरी सापडलं, तर? सापडायलाच हवं. विचार करणं मेंदूतच घडतं. मग वाद मिलिसेकंदांचा राहत नाही. निर्णयाला आधीची कारणं असणं आणि तो माझा असणं एकत्र नांदतं का, हा प्रश्न उरतो, आणि तो ईईजीच्या आधीही होता. त्या वादात कोणतीही बाजू घ्या, 550 आकडा तिच्या कामाचा नाही.

मला पाहायची आहे ती नोंद वेगळी आहे: कारणं असलेली निवड, अखंड ईईजी, आणि चढ येऊनही हात न हललेले सगळे प्रसंगही मोजलेले. चला, आता प्रश्न घेऊ.