टेप घेऊनच सॅम्पल फ्लॅट बघा

नमस्कार. इतक्या उन्हात तुम्ही बेसापर्यंत आलात, तुमचं मनापासून स्वागत. आई-वडिलांना सोबत घेऊन आलेले बरेच जण दिसताहेत, त्यांना नमस्कार. तुमच्यापैकी बहुतेकांचं हे पहिलंच घर असणार. म्हणून जिमचं आणि क्लब हाउसचं कौतुक मी ब्रोशरवरच सोडतो आणि ज्यावर तुमचा सगळा पैसा ठरतो, त्या कार्पेट एरियाबद्दल बोलतो.

रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट एरिया म्हणजे फ्लॅटच्या आत वापरता येणारं क्षेत्रफळ. खोल्यांमधल्या आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमच्या वापरातली बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. जिना, लिफ्ट, लॉबी यांचा तर प्रश्नच येत नाही. हे सगळं मिळवून जो मोठा आकडा निघतो, त्याला बाजारात सुपर बिल्टअप म्हणतात. तो कसा काढायचा याची कायद्यात व्याख्या नाही, त्यामुळे प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

आता आपला दोन बीएचके मोजू. हॉल 16 बाय 10, म्हणजे 160 चौरस फूट. स्वयंपाकघर 9 बाय 8, म्हणजे 72. दोन बेडरूम 120 आणि 110, दोन्ही टॉयलेट मिळून 58, पॅसेज 40. बेरीज 560 होते. आतल्या भिंतींचे साधारण 28 मिळवले की कार्पेट 588. बाल्कनी 50 चौरस फुटांची आहे, ती वेगळी लिहिली आहे.

समजा असाच फ्लॅट कुणी तुम्हाला 900 सुपर बिल्टअप, दर 4,000 म्हणून सांगितला, तर किंमत झाली 36 लाख. शेजारच्या प्रोजेक्टमध्ये दर 4,300 आहे, सुपर बिल्टअप 820, म्हणजे 35 लाख 26 हजार. तिथला कार्पेट 600 निघाला. दर ऐकून कुणीही पहिला स्वस्त म्हणेल. पण कार्पेटने भागून बघा: पहिला 6,122 रुपये पडतो, दुसरा 5,877. महाग सांगितलेला फ्लॅट प्रत्यक्षात स्वस्त आहे आणि घरही थोडं मोठं आहे. म्हणून कुणीही दर सांगितला की आधी विचारा, कार्पेट किती, आणि एकूण किंमत त्यानेच भागा. पार्किंग, मेंटेनन्स, जीएसटी, मुद्रांक शुल्क वेगळे लिहून घ्या, ते या भागाकारात मिसळू नका.

मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लॅनवरचं माप विटांच्या भिंतीपासूनचं आहे की प्लास्टरनंतरचं, हे आमच्या इंजिनिअरला विचाराच. दोन्ही बाजूंचं प्लास्टर मिळून लांबीत आणि रुंदीत प्रत्येकी जवळपास एक इंच जातो. 12 बाय 10 च्या बेडरूममध्ये त्याने जवळपास दोन चौरस फूट कमी होतात. फार मोठी गोष्ट नाही, पण फरक कुठून आला ते कळायला हवं.

सॅम्पल फ्लॅटमधला पलंगही मोजा. मी हे आमच्याच सॅम्पल फ्लॅटबद्दल सांगतोय. डबल बेड सव्वा सहा फूट लांबीचा हवा. पुष्कळ ठिकाणी साडेपाच फुटांचा ठेवतात आणि खोली ऐसपैस भासते. दरवाजे काढून ठेवलेले असतील तर ते कुठल्या बाजूला उघडतील हेही बघा, कारण कपाटाची जागा तिथेच जाते. आणि मे महिन्याचा विचार करा: कूलर कुठे बसणार? खिडकीबाहेर स्टँड लावता येईल का, पाणी भरायला नळ किती लांब आहे? नागपुरात राहायचं तर ही जागा हॉलच्या सोफ्याइतकीच महत्त्वाची.

आता कागद. आमच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात P505 ने होते. तो महारेराच्या साइटवर टाका, मंजूर नकाशा आणि कार्पेट तिथे बघा. करारनाम्यात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल. 10.764 ने गुणा, म्हणजे 54.63 चौरस मीटरचे आपले 588 फूट येतील. महारेराच्या नमुना करारनाम्यात बांधकाम पूर्ण झाल्यावर कार्पेट पुन्हा पक्का करायची आणि 3 टक्क्यांपर्यंतच फरक चालवायची तरतूद आहे. आपल्या फ्लॅटला ते साडेसतरा फुटांच्या आसपास. त्या मर्यादेत कमी भरला तरी जास्तीचे पैसे 45 दिवसांत व्याजासह परत द्यायचे असतात. हे कलम करारनाम्यात आहे का, वाचून बघा. आणि करारनामा नोंदवण्याआधी कुणीही 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागू शकत नाही, आम्हीसुद्धा नाही.

दाराजवळच्या टेबलावर टेप आणि कोरे कागद ठेवले आहेत. सॅम्पल फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. काकांना जिना जड जात असेल तर लिफ्ट सुरू आहे. मोजून आलात की आकडे घेऊन माझ्याकडे या, प्लॅनशी जुळवून बघू.