बॅच नंबर कुठे आहे?

(भोसरी येथे लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, सदोष मालाची एखादी बॅच परत मागवावी लागली तर ग्राहकाला काय कळवावे, माल परत कसा घ्यावा आणि बदली कधी द्यावी, हा आजचा विषय आहे. सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. आपल्या घरच्या प्रेशर कुकरचा बॅच नंबर इथे किती जणांना ठाऊक आहे? एकही हात वर आलेला नाही, आणि समोर बसलेल्यांपैकी तिघे तर कुकरचे सुटे भागच बनवतात. म्हणजे मी बरोबर ठिकाणी आलो आहे.

मी बावीस वर्षे कुकर बनवणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहक सेवा विभागात होतो. कंपनीचे नाव सांगणार नाही. तिथे जे घडले ते मात्र जसेच्या तसे सांगतो, कारण माझे आजचे सगळे म्हणणे त्यातूनच आले आहे.

कुकरच्या झाकणावर शिट्टीशिवाय एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, हे आपण जाणताच. त्याच्या मधोमध कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. कुकरमध्ये नेहमीच्या दाबाला तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. शिट्टीची वाट चोंदली किंवा आतले पाणी आटून गेले, तर तापमान त्यापुढे चढते, तो मिश्रधातू वितळतो आणि वाफेला दुसरी वाट मिळते. आमच्याकडे पुरवठादाराकडून आलेल्या व्हॉल्व्हच्या एका लॉटमधले नमुने गरम तेलात तपासताना ठरलेल्या तापमानाला वितळलेच नाहीत. तो लॉट तोपर्यंत जवळजवळ संपत आला होता आणि ते व्हॉल्व्ह बसवलेले कुकर दुकानांतून घरोघरी पोहोचले होते.

पहिली अडचण कारखान्यातच निघाली. सदोष होता तो व्हॉल्व्हचा लॉट, आणि ग्राहकाच्या हातात असतो तो कुकरचा बॅच नंबर. या दोहोंची सांगड घालायला गेलो, तेव्हा कळले की भांडारात जुन्या लॉटचे उरलेले व्हॉल्व्ह आणि नव्या लॉटचे व्हॉल्व्ह एकाच पेटीत ओतले गेले होते. त्यामुळे सदोष व्हॉल्व्ह नेमके कोणत्या दिवशी वापरात आले आणि कोणत्या दिवशी संपले, हे कागदावरून सांगता येईना. अशा वेळी ‘बहुधा या तारखेपासून’ म्हणून रेघ मारण्याचा मोह होतो, पण तो टाळावा लागतो. जो दिवस निश्चितपणे स्वच्छ होता तिथपर्यंत आम्ही दोन्ही बाजूंनी हद्द वाढवली आणि सुमारे चार हजार कुकर परत मागवण्याच्या कक्षेत आले. त्यांतल्या अनेकांत व्हॉल्व्ह चांगलाच असणार होता, तरी तेही बदलायचे ठरले.

त्यानंतर सूचना लिहिली गेली. तिचे पहिले वाक्य मला आजही पाठ आहे: ‘आमच्या काही विशिष्ट उत्पादनांमध्ये संभाव्य त्रुटी आढळून आल्याने ग्राहकांनी खबरदारी म्हणून कुकरच्या तळावरील क्रमांक तपासून नजीकच्या विक्रेत्याशी संपर्क साधावा.’ कायद्याच्या दृष्टीने या वाक्यात काही चूक नव्हती. पण घरात ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईने या वाक्याने नेमके काय करायचे, याचा विचार ते लिहिणाऱ्याने केला नव्हता.

सूचना छापून आली आणि दुसऱ्याच दिवशी साताऱ्याकडच्या एका आजींचा फोन आला. त्या म्हणाल्या, “बाळा, आमचा कुकर चांगला आहे. तीन शिट्ट्यांत डाळ शिजते. उगाच कशाला परत देऊ?” मित्रहो, या वाक्यात या विषयाची सगळी अडचण आहे. मिक्सर बंद पडला तर ग्राहक स्वतःहून दुकानात येतो. सेफ्टी व्हॉल्व्हचा दोष रोजच्या वापरात दिसतच नाही. ज्या दिवशी शिट्टी चोंदते त्याच दिवशी तो उघड होतो. म्हणून ‘त्रुटी’ या शब्दाने काम भागत नाही. कुकर रोज नीट चालत असला तरी हा दोष त्यात असू शकतो, हे सूचनेत स्पष्ट लिहावे लागते. मी आजींना तेच सांगितले आणि तळावरचा नंबर वाचायला सांगितले.

त्यांनी नातीला हाक मारली. नातीने कुकर उपडा केला. तळ गॅसवर वर्षभर तापून काळा पडलेला आणि घासून घासून गुळगुळीत झालेला. त्यातून तिला जे वाचता आले ते तिने सांगितले: “आयएस दोन तीन चार सात.” हा बॅच नंबर नव्हे. आयएस २३४७ हा घरगुती प्रेशर कुकरांच्या भारतीय मानकाचा क्रमांक आहे आणि तो त्या मानकाच्या प्रत्येक कुकरवर असतो. मी म्हणालो, आणखी बघ. तेव्हा तिने सीएम/एल या अक्षरांपुढचे आकडे वाचले. तो आमच्या कारखान्याचा परवाना क्रमांक, म्हणजे तोही सगळ्या कुकरांवर सारखाच. बॅच नंबर त्यापासून चार बोटांवर, बारीक ठशांत होता आणि काजळीत बुजला होता. मी तिला ओल्या फडक्याने पुसून त्यावर पीठ चोळायला सांगितले. ठशात पीठ बसले आणि नंबर उमटला. तो कक्षेतलाच होता.

मला धास्ती वाटली ती फोन ठेवल्यावर. आमच्या फोन केंद्रातली इतर मुले समोरचा सांगेल तो आकडा संगणकात टाकत होती, आणि आकडा यादीत नसला की ‘तुमचा कुकर यादीत नाही, निश्चिंत राहा’ असे उत्तर देत होती. त्या दिवसाच्या नोंदी मी स्वतः काढून पाहिल्या. कित्येक नोंदींमध्ये बॅच नंबरच्या जागी परवाना क्रमांक होता. ज्यांना आम्ही निर्धास्त केले त्यांतल्या कोणाचे कुकर सदोष होते, हे आम्हाला सांगता येत नव्हते. त्या सगळ्यांना पुन्हा फोन केले. सूचना न मिळालेला ग्राहक निदान अनभिज्ञ असतो. या लोकांना तर आम्ही आपल्या तोंडाने चुकीचा दिलासा दिला होता, आणि याची बोच मला अजूनही आहे.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. नंबर कसा दिसतो ते सूचनेत चित्रासह आले: एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे चार आकडे, मुठीच्या बाजूला. आणि संगणकाची उत्तरे तीन झाली: कक्षेत आहे, कक्षेत नाही, किंवा हा बॅच नंबरच नव्हे. तिसरे उत्तर आले किंवा नंबर वाचताच आला नाही, तर तो कुकर सदोष धरायचा.

याच संदर्भात एक सार्वजनिक उदाहरण आठवते. ऑगस्ट २००७मध्ये नोकियाने बीएल-५सी बॅटऱ्यांबाबत सूचना काढली. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांचा तो प्रश्न होता. चार्जिंग चालू असताना त्या तापू शकत होत्या. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा फोनचे झाकण उघडून बॅटरी उलटी करून पाहिली असेल. त्या सूचनेत दोन चाळण्या होत्या. बॅटरीवर बीएल-५सी लिहिलेले नसेल, तर तिथेच थांबा. लिहिलेले असेल, तर मागच्या बाजूचा २६ अक्षर-अंकांचा क्रमांक तपासा. पहिली चाळणी कोणालाही जमणारी होती आणि ज्यांचा संबंध नाही ते लोक तिथेच बाजूला होत होते. दुसरीतला क्रमांक इतका लांब, की त्याच्या जागी चुकून दुसराच एखादा आकडा सांगणे कठीण.

आयोजकांनी दहा मिनिटे उरल्याची चिठ्ठी पाठवली आहे आणि परतीची पद्धत व बदलीची मुदत अजून सांगायची आहे, तेव्हा आता वेगाने जातो.

सूचना पोहोचवायची कोणाला? खरेदी करणारा आणि वापरणारा एकच असतो असे धरू नका. कुकर लग्नाच्या आहेरात जातो. वॉरंटी कार्डावर मामाचे नाव असते आणि कुकर भाचीच्या घरी असतो. म्हणून प्रत्येक निरोपात ‘आपण हा कुकर कोणास भेट दिला असल्यास त्यांना आजच कळवावे’ हे वाक्य हवे. ऑनलाइन विक्रीत खरेदीदाराचा पत्ता तरी हाताशी असतो. २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सक्तीच्या मानकात न बसणाऱ्या २,२६५ कुकरांबाबत अ‍ॅमेझॉनला सर्व खरेदीदारांना कळवण्याचा, माल परत घेण्याचा आणि पैसे परत देण्याचा आदेश दिला होता, तो त्यामुळेच इतका नेमका होता.

परत काय मागवायचे? दोष झाकणात असेल तर झाकणच मागवा. भांडे घरी राहिले, तर त्यावर साधी ताटली ठेवून भात शिजवता येतो आणि स्वयंपाक अडत नाही. बिल मागू नका. नंबर हाच पुरावा. घरात एकाच मापाचे दोन कुकर असतील, तर झाकणांची अदलाबदल झालेली असू शकते, म्हणून दोन्ही झाकणे आणायला सांगा. व्हॉल्व्ह ग्राहकाला टपालाने पाठवून ‘आपणच बसवा’ म्हणू नका, कारण तो पान्याने नीट आवळला नाही तर वाफ गळते. विक्रेत्याने तो समोर बदलावा आणि झाकणावर ठशाचा एक ठिपका मारावा, म्हणजे बदललेले झाकण पुढे ओळखू येते. काढलेला जुना व्हॉल्व्ह मोजून कारखान्यात परत आलाच पाहिजे. विक्रेत्याकडे जितके नवे पाठवले, तितके जुने यावेत. तो दुकानाच्या खणात राहिला, तर उद्या कोणाच्या तरी दुरुस्तीत पुन्हा झाकणावर चढतो.

आणि मुदत. ‘लवकरात लवकर’ हे शब्द सूचनेतून काढून टाका. आमच्याकडे चार हजार व्हॉल्व्ह लागणार होते आणि तपासून दिवसाला अडीचशे मिळत होते, म्हणजे सोळा कामाचे दिवस. त्यावर वाहतुकीचा एक आठवडा धरून आम्ही चार आठवड्यांनंतरची तारीख छापली. त्या आधी दुकानात जाऊन कोणी रिकाम्या हाताने परतू नये, म्हणून ज्या तालुक्यात माल पोहोचला तिथल्याच ग्राहकांना फोन करून बोलावले. एका जिल्ह्यात माल उशिरा जाणार हे दिसले, तेव्हा छापलेली तारीख उलटण्याच्या दोन दिवस आधी तिथल्या नोंदवलेल्या प्रत्येक ग्राहकाला नवी तारीख सांगितली. मात्र वापर थांबवा हा निरोप बदलीच्या मालासाठी कधीही अडवू नका; तो पहिल्याच दिवशी गेला पाहिजे.

शेवटी दुसऱ्यांदा काढलेली सूचना वाचून दाखवतो आणि थांबतो. ‘तुमच्या कुकरच्या तळाला, मुठीच्या बाजूला, एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे आहेत. ते खालील यादीत असतील किंवा वाचता येत नसतील, तर कुकर रोज नीट चालत असला तरी आजपासून त्याचे झाकण लावून शिजवू नका. फक्त झाकण जवळच्या विक्रेत्याकडे न्यायचे आहे. बिल लागणार नाही, पैसे पडणार नाहीत. तुमच्या दुकानात नवा व्हॉल्व्ह आला की आम्ही तुम्हाला फोन करू. त्यासाठी आजच नाव नोंदवा.’ आजींची नात हे झाकण घेऊन एसटीने तालुक्याला गेली होती आणि संध्याकाळी ठिपका मारलेले झाकण घेऊन परतली.