सिलिंडरखालचे तांबडे कडे

श्रोतेहो, नमस्कार.

स्वयंपाकघरातला रिकामा झालेला गॅस सिलिंडर उचलून बाजूला केला, की त्याच्या जागी फरशीवर एक तांबूस कडे उमटलेले दिसते. दुसरा भरलेला सिलिंडर ज्या कोठीच्या खोलीत ठेवलेला असतो, तिथेही तेच कडे असते. साबणाच्या पाण्याने, भांड्यांच्या पावडरीने किंवा ब्लीचने कितीही घासले तरी ते पुसट होत नाही. आज मी या कड्याविषयीच बोलणार आहे. ते कसे पडते, कशाने निघते आणि ते काढण्याच्या नादात फरशी कशी खराब होते, हे सांगताना मी मुख्यतः जुन्या घरांतल्या मोझॅकच्या फरशीचे उदाहरण घेणार आहे, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि लोखंडी टाकीचे वजन साधारण तेवढेच किंवा थोडे अधिक असते; म्हणजे भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. हा सगळा भार बुडाशी जोडलेल्या एका पोलादी कड्यावर असतो. गाडीतून उतरवताना, जिन्यावर टेकवताना आणि फरशीवरून सरकवताना त्या कड्याच्या खालच्या कडेचा रंग खरवडून जातो, आणि उघडे पडलेले लोखंड नेमके फरशीला टेकते. लादी पुसताना पाण्याची एक बारीक रेघ त्या कडेखाली शिरते आणि हवा खेळत नसल्यामुळे ती तिथे तासन्‌तास वाळत नाही. त्यातून पुष्कळ घरांत पुसण्याच्या पाण्यात मूठभर मीठ टाकण्याची पद्धत आहे. मिठाच्या पाण्यात लोखंड फार लवकर गंजते, त्यामुळे निदान सिलिंडरभोवतीची जागा तरी साध्या पाण्याने पुसावी, असे माझे मत आहे.

गंज पाण्यात विरघळत नाही आणि साबणातही विरघळत नाही, कारण तो तेलकट मळ नसून लोखंडाचा ऑक्साइड आहे. ब्लीचचे काम रंग उडवण्याचे असते. हळदीचा डाग त्याने फिका पडतो, पण गंजाचा रंग मुळात लोखंडाचाच असल्यामुळे तिथे ब्लीच निरुपयोगी ठरते. गंज काढायचा तर त्या लोखंडाला धरून पाण्यात ओढून आणणारा पदार्थ हवा. लिंबातले सायट्रिक आम्ल हे काम चांगले करते. लिंबू, व्हिनेगर, लिंबूसत्व असे घरगुती उपाय जे सुचवले जातात, त्यांच्या मुळाशी आम्लाचा हाच गुण आहे.

मात्र हे आम्ल कोणत्या फरशीवर पडते आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. चकचकीत सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलला लिंबाचा त्रास होत नाही. अर्धी वाटी गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व विरघळवून त्यात पांढरे सुती फडके भिजवावे, ते डागावर पसरून वर प्लास्टिकचा कागद दाबून ठेवावा आणि तासाभराने नायलॉनच्या घासणीने हलकेच घासावे. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते. दोन टाइलमधल्या सांध्यात सिमेंट असते, तिथे थोडा पिवळेपणा राहील. त्यासाठी हट्ट करून सांधा पोखरू नये.

मोझॅक, शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत, संगमरवर त्याच कुळातला आहे आणि मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेल्या संगमरवराच्या खड्या. आम्ल पडले की चुनखडी फसफसते आणि विरघळू लागते. आपली फरशी कोणती हे ठाऊक नसेल, तर दाराआड किंवा कपाटामागे लिंबाचा एक थेंब टाकून जवळून पाहावे. बारीक बुडबुडे दिसले तर थेंब लगेच पुसावा, आणि त्या खोलीत लिंबू, व्हिनेगर किंवा चिंच डागावर वापरू नये.

हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो आहे. आमच्या जुन्या घरात करड्या मोझॅकची फरशी आहे. एका पावसाळ्यात ओला सिलिंडर तसाच ओट्याखाली सरकवला गेला आणि दीड महिन्याने तो हलवला तेव्हा विटकरी रंगाचे पूर्ण कडे फरशीवर होते. मी त्यावर लिंबू पिळले, वर मीठ टाकले आणि अर्धा तास वाट पाहिली. डाग खरोखर फिका झाला. पण फरशी वाळल्यावर तांबड्या कड्याच्या जागी एक पांढुरके, निस्तेज कडे दिसू लागले. बोट फिरवले तर तिथे खडबडीत लागत होते. वरची झिलई खाल्ली गेली होती आणि तशी उघडी पडलेली फरशी पुढचा डाग अधिक खोलवर शोषून घेते. पुढच्या खेपेला त्याच जागी पडलेला डाग आधीपेक्षा गडद होता.

संडास साफ करण्याचे ॲसिड वापरण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्याने गंज विरघळतो हे खरे, पण विरघळलेले लोखंड पिवळ्या पाण्याच्या रूपात सिमेंटमध्ये उतरते आणि डाग पसरतो. त्याच्या वाफा सिलिंडरच्या व जवळच्या इतर धातूंच्या वस्तूंना गंजवतात. आधी ब्लीच टाकून पाहिलेल्या जागेवर हे ॲसिड पडले, तर विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि ओट्याखालच्या कोंदट जागेत तो नाकातोंडात जायला वेळ लागत नाही.

मग मोझॅकवर करायचे काय? लिंबूसत्वाचे आम्लपण काढून टाकावे, पण लोखंड पकडण्याचा त्याचा गुण ठेवावा. हे स्वयंपाकघरातच जमते. मोठ्या काचेच्या भांड्यात अर्धी वाटी कोमट पाणी घेऊन त्यात दोन चमचे लिंबूसत्व विरघळवावे आणि खाण्याचा सोडा चिमूटचिमूट टाकत जावे. पाणी जोरात फसफसून वर येते, म्हणून घाई करू नये. साधारण अडीच ते तीन चमचे सोडा पडल्यावर फसफस थांबते. नवीन चिमूट टाकूनही बुडबुडे आले नाहीत, की आम्ल संपले असे समजावे. आता भांड्यात सोडियम सायट्रेट तयार झालेले असते. ते गंजातले लोखंड धरते, पण फरशीला आम्लासारखे खात नाही. त्याचा वेग मात्र लिंबापेक्षा खूपच कमी असतो, म्हणून त्याला डागावर दिवसभर ओले धरून ठेवावे लागते.

त्यासाठी या पाण्यात साधारण तेवढेच ग्लिसरीन मिसळावे. ते औषधांच्या दुकानात मिळते आणि मिश्रण लवकर वाळू देत नाही. मग रंगारी लांबी करण्यासाठी जी पांढरी खडूची पावडर वापरतात, ती कालवत जावे आणि श्रीखंडाइतका घट्ट लेप करावा. पुष्कळ जण इथे मुलतानी माती वापरतात. तिचा पिवळसर रंग लोखंडाचाच असतो, तेव्हा लोखंड काढायला लोखंड कशाला आणायचे? पावडर पांढरीच असावी.

लेप लावण्यापूर्वी जागा मोकळी करायची आहे. शेगडी बंद करून रेग्युलेटरची कळ बंद करावी, रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावावे आणि तो उभाच ठेवून हवा खेळेल अशा जागी हलवावा. रबरी नळी ताणून तो नुसता सरकवू नये. दोन-तीन दिवस त्याला त्या जागी परत आणता येणार नाही, हे आधीच धरून चालावे. नंतर कड्यावरची सुटी गंजाची पापुद्री कोरडी असतानाच प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून झाडून घ्यावी. तारेची घासणी इथे वापरू नये. तिचे केसासारखे तुकडे मोझॅकच्या छिद्रांत अडकतात आणि आठवड्याभरात तिथे नवे तांबडे ठिपके उठतात.

आता डागाची जागा साध्या पाण्याने ओलसर करावी, म्हणजे लेपातले पाणी फरशी एकदम पिऊन टाकत नाही. लेप अर्धा सेंटिमीटर जाड, डागाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे बाहेर जाईल असा थापावा. वर प्लास्टिकचा कागद ठेवून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस तसेच राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी कागद काढावा, लेप आणखी एक दिवस सुकू द्यावा आणि मग लाकडी उलथन्याने उचलावा. ग्लिसरीनमुळे तो खडखडीत वाळत नाही, थोडा चिवट राहतो. लेपाची खालची बाजू उलटून पाहा: ती पिवळसर किंवा हिरवट झाली असेल, तर लोखंड वर आले आहे आणि आणखी एक लेप लावण्यात अर्थ आहे. ती पांढरीच राहिली, तर राहिलेला डाग त्याच्या आवाक्याबाहेर आहे. शेवटी भरपूर पाण्याने दोनदा पुसून फरशी पूर्ण वाळू द्यावी, कारण ओल्या मोझॅकवर डाग नेहमीच अधिक गडद दिसतो.

आमच्या त्या फरशीवर मी असे तीन लेप दिले. पहिल्याने विटकरी रंग गेला आणि पिवळा उरला, दुसऱ्याने पिवळा फिका झाला, तिसऱ्या लेपाची खालची बाजू जवळजवळ पांढरीच निघाली. तेव्हा मी थांबलो. लिंबाने खाल्लेला भाग या लेपाने भरून येत नाही. त्यासाठी पॉलिश करणाऱ्यालाच बोलवावे लागले. हे कारागीर शेवटच्या हाताला ऑक्झॅलिक आम्लाची पावडर वापरतात. तीही गंज काढते, पण ती पोटात गेली तर विष आहे, तेव्हा ती उरलेली पुडी घरात ठेवून घेऊ नये. शिवाय मशीन फरशीचा अगदी पातळ थर घासते. वर्षानुवर्षे मुरलेला डाग त्या थराच्या खाली असेल, तर पॉलिशनंतरही त्याची सावली राहते. कोट्याच्या फरशीत तर काही तपकिरी रेघा दगडाच्या स्वतःच्याच असतात, त्यांच्यामागे लागू नये.

डाग पुन्हा पडू नये म्हणून सिलिंडरखाली रबरी चटई टाकण्याचा सल्ला दिला जातो. चटईखाली आणि चटईवर दोन्हीकडे पाणी साचते, म्हणून मला ती पसंत नाही. लोखंडी ट्रॉलीही कालांतराने स्वतःच गंजते. प्लास्टिकची चाके असलेली, तळाला भोके असलेली प्लास्टिकची ट्रॉली बरी, कारण तिच्यात सिलिंडर फरशीपासून दोन बोटे वर राहतो आणि खालून हवा जाते. सिलिंडरच्या बुडाला घरी रंग लावणे किंवा ते पॉलिशपेपरने घासणे मात्र करू नये. टाकी कंपनीची असते आणि बूड फारच गंजलेले दिसले, तर सिलिंडर घेतानाच बदलून मागावा.

पावसाळ्यात सिलिंडर दारात येतो तेव्हा तो बहुधा ओला असतो. आमच्याकडे आता दाराशी एक जुने फडके टांगलेले असते. सिलिंडर आत घेण्यापूर्वी तो किंचित कलता धरून बुडाचे कडे आतून-बाहेरून पुसले जाते. फडके दर वेळी तांबडे होऊन निघते. नमस्कार.