फळ्यावरचं 1 = 2

(सांगलीतल्या एका पावसाळी व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि आयर्विन पुलावर जाऊन पाणी किती चढलंय ते बघून मगच इकडे वळलेल्या मंडळींनो, पत्रिकेत विषय छापलाय ‘शून्याने का भागायचं नाही’. तो मी सांगणार आहे. पण आधी फळ्यावर पाच ओळी लिहितो. समोर बसलेल्या नववी-दहावीच्या पोरांनी मला कुठे अडवायचं ते ठरवावं. मागच्या रांगेतल्या आजोबांनीही अडवायला हरकत नाही.

a = b असं धरू. दोन्ही बाजूंना a ने गुणलं. दोन्ही बाजूंतून b² वजा केला. मग अवयव पाडले. दोन्हीकडे (a − b) आहे, तो कापला.

a² = ab
a² − b² = ab − b²
(a + b)(a − b) = b(a − b)
a + b = b

आता a आणि b सारखेच आहेत, म्हणून 2b = b. राहिलेला b कापला की 2 = 1. झालं. आता बँकेत कर्जाचा एकच हप्ता भरा आणि दोन भरल्याची पावती मागा.

हसलात, बरं वाटलं. माझ्या वर्गातही हसायचे. एकदा मात्र कुणी हसलं नाही. मी हे लिहून, ‘चूक शोधा’ म्हणून पोरांना सोडलं होतं. पोरं बाकावर गुडघे टेकून भांडत होती, आणि नेमके त्याच वेळी तपासणीचे साहेब आत आले. कुठली शाळा, कोण साहेब, ते विचारू नका. त्यांनी फळा खालून वर वाचला. शेवटची ओळ आधी वाचली हो! ‘गुरुजी, हे काय?’ म्हटलं, साहेब, यात चूक आहे. ‘ते दिसतंय मला.’ म्हटलं, ती शोधायचीय. ‘म्हणजे तुम्हालाही सापडली नाही?’ पहिल्या बाकावरची एक मुलगी मदतीला धावली. ‘साहेब, सरांनी मुद्दाम चुकीचं लिहिलंय.’ साहेबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आजन्म विसरणार नाही. शेरा आला: ‘फळ्यावर अशुद्ध लेखन. शिक्षकाने पूर्वतयारी करावी.’ आता माझं गाऱ्हाणं ऐका. पूर्वतयारी केल्याशिवाय इतकी साळसूद चूक लिहून दाखवा बघू! आणि तोच शिक्षक ‘शून्याने भागायचं नाही, नियम आहे, लिहून घ्या’ म्हणाला असता, तर शेरा आला असता ‘पाठ उत्तम’.

असो. साहेब निवृत्त झाले, मीही झालो.

मुलं चूक कुठे शोधतात, हे बघण्यासारखं असतं. बहुतेकांचा संशय b² वजा करण्यावर जातो. ‘तो कशाला मध्ये आणला?’ प्रश्न रास्त आहे, पण ती पायरी निर्दोष आहे. दोन सारख्या गोष्टींतून सारखंच काढलं तर उरलेलं सारखंच राहतं. काहींना अवयव खटकतात, तेही बरोबर आहेत. साहेबांना उत्तर देणाऱ्या त्या मुलीने मात्र वाद सोडला आणि अक्षरांच्या जागी आकडे ठेवले. a तीन, b पण तीन. चला, एकेक ओळ तपासू.

9 = 9
9 − 9 = 9 − 9
6 × 0 = 3 × 0
6 = 3

तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं खरं आहे. सहा गुणिले शून्य आणि तीन गुणिले शून्य, दोन्हीकडे शून्यच. चौथ्या ओळीत गाडी रुळावरून उतरली. म्हणजे गोंधळ या दोन ओळींच्या मध्ये झाला, आणि तिथे आपण एकच गोष्ट केली: (a − b) कापला. पहिल्याच ओळीत a = b म्हटल्यावर तो (a − b) शून्याशिवाय दुसरा कोण असणार? b² वजा केला तो एवढ्यासाठीच. त्याने दोन्ही बाजूंना शून्य आणून बसवलं, आणि अवयव पाडल्यावर त्या शून्याने कंसाचा सदरा चढवला. उघडं शून्य कुणी कापत नाही. सदरा घातलेलं सगळेच कापतात.

इथे थोडं आडवाटेला जातो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० सालच्या, एक गणित आहे. एका संख्येला शून्याने गुणा, आलेल्यात त्याचाच अर्धा मिळवा, तिप्पट करा, शून्याने भागा, उत्तर त्रेसष्ट. तर संख्या कोणती? आचार्यांचं उत्तर चौदा. त्यांचा नियम असा, की पुढची क्रिया उरली असेल तर शून्याचा गुणक तसाच धरून ठेवावा, आणि मग शून्यानेच भागायची वेळ आली तर संख्या जशीच्या तशी राहते. म्हणजे शून्याला शून्य कापलं. मग साडेचारपट त्रेसष्ट, संख्या चौदा. आजच्या नियमाने बघा: चौदा ठेवा, शून्य भागिले शून्य येतं. शंभर ठेवा, तेच येतं. चौदालाच मान का द्यायचा? त्याआधी ६२८ साली ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं लिहून ठेवलं होतं. एवढी मोठी माणसं इथे एकमेकांशी जुळत नाहीत. मग नववीतल्या पोराने ‘का?’ विचारलं तर त्याच्यावर डोळे कशाला वटारायचे?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेत छापलेला विषय आता पाच मिनिटांत. बसा, बसा, चहा पळून जात नाही.

भागाकार म्हणजे उलटा गुणाकार. बारा भागिले चार म्हणजे चारला कितीने गुणलं की बारा? तीनने. आता पाच भागिले शून्य. शून्याला कितीने गुणलं की पाच? कशानेच नाही. उत्तर नाहीच. शून्य भागिले शून्य मात्र वेगळं. शून्याला कितीने गुणलं की शून्य? सातने, शंभरने, कशानेही. इथे उत्तरांचा पूर आहे, आणि आपलं 1 = 2 याच पुरात वाहून आलेलं आहे. 6 × 0 = 3 × 0 यावरून सहा आणि तीनबद्दल काहीच कळत नाही, कारण शून्याने गुणताना दोघांची ओळख पुसली गेली. पुसलेलं परत आणायला भागाकाराकडे साधन नाही.

कुणी म्हणेल, एक भागिले शून्य अनंत म्हणून टाका. एक भागिले ०.१ दहा, भागिले ०.०१ शंभर, वाढतंय खरं. पण भाजक उणे बाजूने आणा: उणे दहा, उणे शंभर. ते दुसऱ्या टोकाला पळतंय. दोघांना एका उत्तरात कसं बसवणार?

आता पोरांच्या मार्कांचं. x² = 5x. निम्मा वर्ग x ने भागतो आणि x = 5 लिहून मोकळा होतो. एक उत्तर गेलं, कारण x शून्यही असू शकतो. सगळं एका बाजूला घ्या, x(x − 5) = 0 करा, दोन्ही उत्तरं हाती येतात. मघाशी भाजक शून्य आहे हे नक्की होतं, म्हणून खोटं जन्माला आलं. इथे तो शून्य असू शकतो, म्हणून खरं हरवलं. अक्षराने भागण्याआधी ‘हे शून्य असेल का?’ एवढं समासात लिहा, म्हणजे पुरे.

घंटा वाजवू नका, संपवतो. जाता जाता एक: x² − 9 ला x − 3 ने भागलं तर सहा येतात, x काढा. वरचे अवयव पाडाल, x + 3 = 6 कराल, उत्तर तीन येईल. ते मूळ समीकरणात ठेवून बघा, आणि मग चहाच्या रांगेत मला गाठा.