‘मम आत्मा गमला’ : सूर कुठे थांबतो

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुमच्याशी एकाच पदाविषयी बोलणार आहे. ‘संगीत स्वयंवर’ या नाटकातलं रुक्मिणीचं पद, ‘मम आत्मा गमला हा’. नाटक काकासाहेब खाडिलकरांचं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, राग बिहाग, आणि १९१६ साली ते रंगभूमीवर गायले बालगंधर्व. नाट्यपदात सूर लांबवतात, शब्द नटवतात, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. पण कुठला सूर लांबवायचा आणि कुठल्या शब्दाला हात लावायचा नाही, हे गायकाला कळतं कसं? या पदात त्याचं उत्तर अगदी स्वच्छ ऐकू येतं.

पहिली ओळ आधी न गाता, नुसती म्हणून बघू या. ‘मम आत्मा गमला हा’. यातली दीर्घ अक्षरं मोजा. आ, त्मा, ला, हा. चारही ठिकाणी तोंड उघडं राहतं, आकार मिळतो. आता पुढचे शब्द म्हणा. ‘नकळत नवळत हृदय तळमळत’. सोळा अक्षरं, आणि सगळीच्या सगळी लघु. एकाही ठिकाणी थांबायला जागा नाही. आणि त्यानंतर लगेच ‘भेटाया ज्याला’, म्हणजे पुन्हा पाचही अक्षरं दीर्घ. खाडिलकरांनी शब्दच असे ठेवले आहेत की तळमळ धावते आणि भेटीची इच्छा लांबते. गायकाचं अर्धं काम तिथंच झालेलं असतं. त्यानं ते ओळखायचं मात्र असतं.

दुसरं अर्धं काम रागाचं. बिहागात गंधार, पंचम आणि निषाद या विसाव्याच्या जागा. रिषभ आणि धैवत आरोहात नाहीतच. अवरोहात येतात तेही जाता जाता, नुसते स्पर्शून. कुणी धैवतावर रेंगाळला तर बिहागाचा चेहराच बदलतो. तेव्हा लांब सुराला दोन परवानग्या लागतात. अक्षर दीर्घ हवं, आणि सूर रागाच्या विसाव्याचा हवा. दोन्ही जिथं एकत्र येतात, तिथं ठहराव टिकतो. गंधारावर ‘हा’चा आकार लावून तुम्ही तंबोऱ्याबरोबर निवांत उभे राहू शकता. ‘तळमळत’मधल्या ‘ळ’वर उभं राहायला गेलात तर शब्दही जातो आणि सूरही.

शिकवताना हीच चूक मला सगळ्यात जास्त ऐकू येते. विद्यार्थ्याचा गळा तयार असतो, सूर लांबवायचा मोह होतो, आणि ‘नकळत’चं ‘नाकाळाता’ होऊन जातं. शेवटच्या ‘त’वर तर हटकून. बोलताना आपण तो ‘त’ जवळजवळ गिळतो, गाताना त्याला थोडा ‘अ’ द्यावाच लागतो, आणि तो ‘अ’ किंचित जरी वाढला की ‘आ’ होतो. यावर मी एकच उपाय सांगते. स्वतःचं गाणं फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि पद माहीत नसलेल्या माणसाला ऐकवून शब्द लिहायला सांगा. त्यानं कागदावर काय लिहिलं आहे, त्यावरून कुठली अक्षरं ताणली गेली ते नेमकं कळतं.

दुसरी चूक श्वासाची. ‘आत्मा’ हा शब्द ‘आत्’ आणि ‘मा’ असा तुटतो, कारण ‘आ’ लांबवण्यातच दम संपलेला असतो. श्वास ‘मम’च्या आधी पुरता भरून घ्यायचा आणि ‘हा’ संपेपर्यंत पुरवायचा. पुरत नसेल तर ‘आ’ लहान करा. शब्द तोडून लांबवलेल्या सुराला रंगभूमीवर किंमत नाही, कारण तिथं रुक्मिणी बोलते आहे, आणि बोलणारं माणूस शब्दाच्या मध्यावर श्वास घेत नाही.

आता अलंकरणाविषयी. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका लक्ष देऊन ऐकल्या की त्यांचा मोठा सूर कोरा क्वचितच सुरू होतो, हे जाणवतं. त्याच्या आधी शेजारच्या सुराचा एक बारीक कण लागलेला असतो. सूर लागला की मात्र तो स्थिर. मग सोडताना एखादी छोटी मुरकी, किंवा खालच्या सुरावर मींडेनं उतरणं. म्हणजे नक्षी सुराच्या दोन्ही काठांना, मधलं अंग मोकळं, पैठणीसारखं. बिहागात ही मींड फार शोभते. निषादावरून पंचमावर येताना धैवत नुसता घासला जातो, गंधारावरून षड्जावर येताना रिषभ. जे सूर थांबायला चालत नाहीत, तेच नटवायला कामी येतात. तीव्र मध्यमाचंही तसंच. पंचमाच्या कुशीत तो चटकन येऊन जातो, त्याला स्वतंत्र उभं करायचं नाही.

हल्ली स्पर्धांमधून प्रत्येक सुरावर मुरकी घ्यायची सवय दिसते. मला ती मनापासून खटकते. मधलं अंगच भरून टाकलं तर ठहराव उरत नाही, आणि ठहराव नसेल तर मुरकी कशावर उठून दिसणार? काही जण लांब सूर मुद्दाम हलवतात. त्याला गंधर्व गायकी म्हणू नये. हनुवटी थरथरताना दिसली की समजावं, सूर गळ्यात ठरलेला नाही.

हा लांब सूर रंगभूमीवर इतका का रुजला, याचं एक कारण साथीत आहे. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन असे. पायानं भाता चालवायचा, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. त्यामुळे ऑर्गनचा सूर हवा तितका वेळ अखंड भरून राहतो. त्या भरलेल्या सुरात गायकाचा आवाज टेकून उभा राहू शकत होता. वर सारंगी प्रत्येक मींड उचलून घेई. आणि ध्वनिक्षेपक नसण्याच्या काळात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो उघडा, ताणलेला आकारच.

एक सावधगिरी मात्र हवी. आपल्यापर्यंत ही पदं मुख्यतः जुन्या तबकड्यांवरून आली, आणि तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. नाटकात हेच पद वन्स मोअर घेत घेत कितीतरी वाढे. तेव्हा तबकडीतली घाई ही तबकडीची आहे. तिच्या लयीला धरून ठहराव आखडता घेऊ नका.

बालगंधर्वांच्या पाठोपाठ मास्टर दीनानाथ ऐका, म्हणजे याच नियमाची दुसरी बाजू कळेल. ‘रणदुंदुभी’तलं ‘परवशता पाश दैवे’ घ्या. चाल वझेबुवांची. इथं पदाच्या तोंडालाच चार लघु अक्षरं आहेत, प, र, व, श, आणि पाचवं ‘ता’ दीर्घ. उघडी जागा पहिल्यांदा मिळते ती तिथं. पुढे दीनानाथ सुरावर विसावण्यापेक्षा तिथून झेप घेतात. तान अनपेक्षित सुरावरून उठते, विजेसारखी फिरते आणि शब्दावर अचूक परत येते. रुक्मिणीची ओढ वेगळी, पारतंत्र्याची चीड वेगळी. पण तानही निघते ती दीर्घ अक्षरावरूनच, आणि ‘परवश’ ही चार अक्षरं दीनानाथांच्या तोंडूनही लघुच राहतात.

नमस्कार.