डावीकडचा दिवा आणि तिरपा ड्रॉइंग बोर्ड: शीटवर नेमके किती लक्स?

नमस्कार. नागपुरात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असाल तर खोलीत ड्रॉइंग बोर्ड असेलच. बर्डीवरून आणलेला, मागून उचलून आपल्याकडे 30 अंश कलता ठेवलेला. हाताची सावली शीटवर पडू नये म्हणून दिवा डावीकडे. आता शीटच्या मध्यावर उजेड किती पडतो ते काढू.

[फळ्यावर सूत्र]

E = I cos θ / d²

I म्हणजे दिवा शीटच्या दिशेने किती तीव्रतेने प्रकाश टाकतो ते, कँडेलामध्ये. खोक्यावर बहुधा ल्युमेन छापलेले असतात. तो सगळ्या दिशांचा मिळून प्रकाश झाला, तो इथे टाकला तर उत्तर साफ चुकेल. d म्हणजे दिव्यापासून त्या बिंदूपर्यंतचं सरळ अंतर, नुसती उंची नव्हे. आणि θ मोजायचा शीटच्या लंबापासून, शीटपासून नाही. हा कोसाइनचा नियम लँबर्टने 1760 मध्ये मांडला.

आपला दिवा रिफ्लेक्टरवाला धरू, शीटकडे 450 कँडेला. शीटच्या मध्यापासून 1.2 मीटर वर आणि 0.9 मीटर डावीकडे. अंतर 1.5 मीटर, वर्ग 2.25. म्हणजे प्रकाश अगदी लंब पडला असता तर 200 लक्स. शीट टेबलावर सपाट असती तर cos θ म्हणजे 1.2 भागिले 1.5, 0.8. उजेड 160 लक्स.

आता बोर्ड 30 अंश उचला. इथेच बहुतेकांचं गणित फसतं. दिवा उभ्या रेषेपासून 36.9 अंश कलता, बोर्ड 30 अंश, म्हणून θ जवळजवळ 7 अंश, उजेड 199 लक्स, असं वजाबाकी करून लिहितात. ती वजाबाकी तेव्हाच चालते जेव्हा बोर्ड थेट दिव्याकडे कललेला असतो. आपला बोर्ड आपल्याकडे कलतो आणि दिवा डावीकडे आहे, दोन्ही कलंडणी वेगवेगळ्या प्रतलांत आहेत. तेव्हा दिशांचा अदिश गुणाकार घ्यायचा.

[फळ्यावर, क्रम: उजवीकडे, बोर्डच्या पलीकडे, वर]

शीटचा लंब: (0, −0.5, 0.866)
दिव्याची दिशा: (−0.6, 0, 0.8)
cos θ = 0.8 × 0.866 = 0.693

म्हणजे 139 लक्स. बोर्ड उचलल्याने उजेड वाढला नाही, उलट 160 वरून घटला! कारण बोर्डचं तोंड आपल्याकडे वळलं आणि दिवा त्या बाजूला नाहीच.

उपाय सोपा आहे. अंतर तेच ठेवा, पण दिवा 0.72 मीटर डावीकडे आणि 0.54 मीटर आपल्या बाजूला आणा, म्हणजे डाव्या खांद्याच्या वर. दिशा होते (−0.48, −0.36, 0.8), cos θ 0.873, उजेड 175 लक्स. तोच दिवा 0.54 मीटर बोर्डच्या पलीकडे सरकवला तर cos θ 0.513, जेमतेम 103 लक्स. खांद्यावरच्या जागी फक्त डोक्याची सावली शीटवर येत नाही ना, ते बसून बघा. येत असेल तर दिवा थोडा आणखी डावीकडे घ्या.

कोन खरा आहे की नाही ते पेन्सिलीने तपासता येतं. 5 सेंटिमीटरचा तुकडा शीटवर काटकोनात उभा धरा; सेट-स्क्वेअर टेकवा म्हणजे तिरपा होणार नाही. सावलीची लांबी भागिले 5 म्हणजे ढोबळमानाने tan θ. दिवा सरळ डावीकडे असताना सावली सव्वापाच-साडेपाच सेंटिमीटर भरेल, म्हणजे θ 46 अंशांच्या आसपास. सावली जितकी आखूड, तितका उजेड लंब पडतोय. मात्र अंतर बदललं तर सावलीवरून लक्सची तुलना करू नका, d² वेगळा झाला.

मोबाइलच्या लक्स अ‍ॅपने मोजायचं असेल तर फोन शीटवर पाठ टेकवून ठेवा. हातात धरून दिव्याकडे वळवला की तो 139 ऐवजी 200 च्या आसपास दाखवेल, कारण तुम्ही θ शून्य केला. भिंती पांढऱ्या असतील तर त्यांचा परतलेला उजेडही आकड्यात मिसळतो. म्हणून एक रीडिंग घ्या, मग दिव्याजवळ छोटा पुठ्ठा असा धरा की फक्त सेन्सरवर त्याची सावली पडेल, दुसरं रीडिंग घ्या आणि वजा करा. उरलेला आकडा सूत्राच्या आकड्याशी ताडून बघायचा. फोनचा सेन्सर तिरप्या उजेडाला सहसा कमी दाखवतो, त्यामुळे θ 60 अंशांपुढे असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

हे सगळं बिंदू स्रोताचं गणित आहे. दिव्याच्या सगळ्यात मोठ्या मापाच्या किमान पाचपट अंतर असेल तर ते चालतं. 10 सेंटिमीटरच्या रिफ्लेक्टरला अर्धा मीटर पुरे. चार फुटी ट्यूबलाइटला मात्र 6 मीटर लागतील. तेवढी खोली हॉस्टेलमध्ये कुठली? तिथे ट्यूबचे लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा I, d आणि θ वेगळा घ्यायचा आणि बेरीज करायची.