भटजींचं प्रमाणपत्र आणि व्हिसाची खिडकी

श्रोतेहो, नमस्कार.

बावीस वर्षं मी एका महापालिकेच्या विवाह नोंदणीच्या टेबलावर बसलो. त्या बावीस वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आज घेतो. "साहेब, लग्न विधिवत झालंय. भटजींनी सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र दिलंय. नवऱ्याकडे परदेशी जायचंय. व्हिसाला हे चालेल ना?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. ते प्रमाणपत्र सोबत जोडा, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर अर्ज करू नका. तुमचं लग्न खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्यात स्पष्ट म्हटलंय की लग्न विधीने लागतं आणि सप्तपदी असेल तिथे सातव्या पावलाला ते पूर्ण होतं. नोंदणी केली नाही म्हणून लग्न रद्द ठरत नाही. पण लग्न होणं वेगळं आणि लग्न झाल्याचं तिसऱ्या माणसाला पटवणं वेगळं. व्हिसा अधिकारी हा तो तिसरा माणूस. तो तुमच्या मांडवात नव्हता. त्याला सरकारी दप्तरातली नोंद हवी असते, जी उद्या कुणी तपासायला गेलं तर सापडेल. पुन्हा सांगतो, लग्न विधीने होतं आणि पुरावा नोंदणीने होतो.

आता माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. 2024 ची. आमच्याच गल्लीतल्या मुलीची आहे, म्हणून जवळून पाहिली. तिचं नाव सांगत नाही.

फेब्रुवारीत लग्न झालं. मुलगा इंग्लंडमध्ये इंजिनिअर, सुट्टी तीन आठवड्यांची. त्यातला एक आठवडा खरेदीत, एक लग्नात आणि उरलेला देवदर्शनात आणि केळवणाची राहिलेली घरं उरकण्यात गेला. कार्यालयातून निघताना भटजींनी जाड कागदावरचं, सोनेरी वेलबुट्टीचं प्रमाणपत्र दिलं. वर गणपती, खाली मंगल कार्यालयाचा गोल शिक्का. घरच्यांना वाटलं, झालं काम. मुलगा परत गेला. मग मुलीने त्याच्यावर अवलंबून असलेली पत्नी म्हणून व्हिसाचा अर्ज केला, तिकडच्या आरोग्य सेवेचा अधिभार भरला, तो वर्षाला 1,035 पौंड, आणि लग्नाचा पुरावा म्हणून ते सोनेरी प्रमाणपत्र जोडलं.

मे महिन्यात नकार आला. मुलीची आई ते पत्र घेऊन माझ्या दारात उभी. "भाऊ, लग्नाला पाचशे माणूस जेवलं, आणि हे म्हणतात नातं सिद्ध होत नाही!" डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "वहिनी, आधी बसा. तो कागद दाखवा."

मी तो कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीतच अडकलो. वधूचं नाव होतं सौ. अमुक, आणि ते मुलीचं नावच नव्हतं! तुमच्या लक्षात आलंच असेल. लग्नात ताटभर तांदळावर अंगठीने नाव लिहितात ना, ते सासरचं नवं नाव. भटजींनी कौतुकाने तेच प्रमाणपत्रात घातलं होतं, पुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पासपोर्टवर मात्र तिचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. म्हणजे पासपोर्टवरचा एक शब्द म्हणून त्या कागदावर नव्हता. तिकडच्या माणसाने हे दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा त्याला दोन वेगळ्या बायका दिसल्या.

तारखेचंही तेच. प्रमाणपत्रात तिथी होती, शके होतं, मुहूर्ताची वेळ मिनिटापर्यंत होती, आणि इंग्रजी साल नव्हतं.

इथे एक मनातलं बोलतो. आपल्या लग्नपत्रिकांवरही हल्ली हेच दिसतं. वार असतो, तारीख असते, छोट्या भाच्याचं "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" असतं, आणि साल नसतं! नोंदणीच्या टेबलावर पत्रिका हा पुरावा म्हणून घेतला जातो. पत्रिका छापताना साल घाला. आणि फोटोवाल्याला सांगा की सप्तपदीचा एक फोटो नीट काढ. हजार फोटो आणणारी जोडपी मी पाहिली आहेत, ड्रोनमधून काढलेलं कार्यालयाचं छप्पर त्यात असतं, आणि अग्नीभोवती दोघं चालतायत असा एक फोटो नसतो. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या क्षणी लग्न लागतं तोच क्षण सुटतो.

असो. मुलीकडे येतो.

महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा 1998 चा आहे. शहरात महापालिका किंवा नगरपालिकेत आणि खेड्यात ग्रामपंचायतीत ही नोंदणी होते. लग्नाच्या तारखेपासून नव्वद दिवसांत ज्ञापन द्यायचं असतं, त्याला नमुना ड म्हणतात. त्यावर शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. नवऱ्याची सही, बायकोची सही, लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही आणि तीन साक्षीदारांच्या सह्या. नोंद झाल्यावर मिळतं ते नमुना ई, म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. व्हिसाच्या खिडकीवर ज्याला किंमत आहे तो कागद हा. नमुना ई. लिहून ठेवा.

नव्वद दिवस तर उलटून गेले होते. आईला वाटलं, सगळं संपलं. तसं नाही. उशिराचा थोडा जादा भरणा करून नोंद होते. प्रमाणपत्रावर नोंदणीची तारीख जूनची येईल आणि विवाहाची तारीख फेब्रुवारीचीच राहील. दोन तारखांमध्ये अंतर पडलं म्हणून घाबरू नका.

खरी अडचण निराळीच होती. नवराबायको दोघांनी निबंधकासमोर यायला हवं, आणि मुलगा इंग्लंडमध्ये. त्याच्या वडिलांनी विचारलं, "मी त्याच्या वतीने सही करू का? फोनवर तो हो म्हणेल." नाही म्हणालो. शेजारी असलो तरी नाहीच म्हणालो. शेवटी तो मुलगा जूनमध्ये सहा दिवसांची रजा काढून आला. विमानाचं तिकीट स्वतःच्या पैशाने. फेब्रुवारीत देवदर्शनाच्या आधी एक सकाळ माझ्या टेबलाला दिली असती तर हा फेरा वाचला असता.

मग भटजी. ते लेकीकडे नाशिकला गेले होते. मुलाचे वडील एसटीने गेले आणि त्यांना सन्मानाने घेऊन आले. वय सत्तरीच्या पुढचं. आमच्या कार्यालयात आल्यावर त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढली, लाल कापडी बांधणीची. त्यांनी लावलेल्या प्रत्येक लग्नाची त्यात ओळ होती, वधूवरांची नावं, गोत्रं, गाव, मुहूर्त आणि दक्षिणेचा आकडासुद्धा. या मुलीच्या ओळीत माहेरचं नाव आधी लिहिलेलं होतं आणि तांदळातलं नाव पुढे. भटजी म्हणाले, "मला वाटलं आता हीच तिची ओळख, म्हणून छापील कागदावर नवं नाव घातलं." त्यांची चूक कसली? त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

नमुना ड मी मुलीच्या पासपोर्टवरून अक्षर अन् अक्षर जुळवून भरून घेतला. इंग्रजी स्पेलिंगही पासपोर्टचंच. आमचं प्रमाणपत्र मराठी-इंग्रजी दोन्हीत होतं, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न आला नाही. तुमचं फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. नव्याने अर्ज गेला. त्यात नमुना ई, सोबत फोटो, पत्रिका, आणि हो, ते सोनेरी प्रमाणपत्रही होतं, तांदळातल्या नावाचा खुलासा करणाऱ्या प्रतिज्ञापत्रासकट. व्हिसा आला. पहिल्या अर्जाचा अधिभार परत मिळाला, अर्जाची फी मात्र गेली ती गेली.

आता वेळ थोडा उरलाय, बाकीचं भराभर सांगतो.

निकाहनामा असेल तरी हाच रस्ता. निकाह वैध आहे, नमुना ड वर काझींची सही घ्या आणि नोंद करा. चर्चमध्ये लग्न लागलं असेल तर 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली चर्चच्या रजिस्टरला कायद्याचा आधार आहे, तरी सरकारी दप्तरातला उतारा काढून ठेवा. गोव्यात गोष्ट वेगळी. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. आधी नागरी निबंधकाकडे सही, तिथून दाखला, मग चर्च, आणि चर्चमधली नोंद पुन्हा निबंधकाच्या पुस्तकात उतरते. गोवेकरांनी तो निबंधकाचा उतारा जोडावा.

लग्नच लंडनच्या एखाद्या हॉलमध्ये फक्त धार्मिक पद्धतीने लावलं असेल, तर तिथल्या कायद्याने ते लग्नच धरत नाहीत. 2020 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने एका निकाहाच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. लग्न जिथे लागलं तिथला कायदा पाहतात, हे ध्यानात असू द्या.

दुबई-अबुधाबीला जाणाऱ्यांनी नमुना ई मिळाला म्हणून थांबू नये. त्यावर राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग त्यांच्या वकिलातीचं, अशी शिक्क्यांची माळ लागते. महिनाभर हाताशी ठेवा.

आणि उलट बाजूची एक गोष्ट, ही फार महत्त्वाची. काही जण येऊन म्हणायचे, "साखरपुडा झालाय, लग्न डिसेंबरात आहे, व्हिसासाठी आत्ताच नोंद करून द्या. एक संस्था प्रमाणपत्र देते." असं कधीही करू नका. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दोन वैमानिकांचं असंच प्रकरण आलं. संस्थेचं प्रमाणपत्र होतं, त्यावरून सरकारी नोंदही होती, पण विधी झालेलेच नव्हते. न्यायालयाने सांगितलं, विधीच झाला नाही तर ही नोंद म्हणजे हिंदू विवाह नव्हे. व्हिसासाठी लोक असं करतात, याचाही त्या निकालात उल्लेख आहे. म्हणजे विधीवाचून नोंद पोकळ, आणि नोंदीवाचून विधी परक्याला दिसत नाही.

खरंच घाई असेल तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्या, तीस दिवस थांबा आणि नोंदणी पद्धतीने लग्न करा. ते पूर्ण, खरं लग्न असतं. फक्त एक करा, पुढे प्रत्येक अर्जात लग्नाची तारीख तीच लिहा. डिसेंबरात मांडव घालून पुन्हा अक्षता टाकल्या तरी कागदावरची तारीख ती पहिलीच.

लग्नाची तारीख ठरली असेल त्यांनी उद्याच एक फोन करा. लग्न ज्या गावात लागणार तिथल्या नोंदणी कार्यालयाला विचारा की लग्नानंतरच्या चार दिवसांत कधी येऊ, आणि तीन साक्षीदार आणि भटजींना ती सकाळ आत्ताच सांगून ठेवा. मुलगा परत जाण्याआधीची सकाळ. नमस्कार.